बागूलकाकांना आभाराचे पत्र

इंदिरानगर, नाशिक

आदरणीय बागूलकाका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री आपल्या काउंटरसमोर उभे असताना आमच्या तोंडून धड आभाराचे शब्दही फुटले नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

अन्वी अवघी दहा महिन्यांची आहे. तिच्या झटक्यांवर सुरू असलेले व्हिगाबॅट्रिन एकाएकी थांबले तर झटके पुन्हा बळावू शकतात, हे डॉक्टरांनी आम्हांला बजावून सांगितले होते. आगाऊ सांगून ठेवलेले औषध वेळेवर आले नाही, घरात केवळ त्या रात्रीपुरता डोस उरला आणि रविवार असल्यामुळे गोळे कॉलनीतील होलसेलची दुकाने बंद होती. कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत सगळीकडे नकारच मिळाला. एका ठिकाणी तर फिटचे दुसरेच औषध 'हेही चालते' म्हणून पुढे करण्यात आले. आपण मात्र चिठ्ठी दोनदा वाचून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बदलायचे नाही, असे स्पष्ट सांगितलेत. आमच्या दृष्टीने त्या रात्रीचा सर्वांत मोठा आधार तोच होता.

मुंबईतील आपल्या ओळखीच्या विक्रेत्याला दुकान उघडायला लावून, नाशिकला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट सोपवण्याची व्यवस्था आपण फोनवरच केलीत. एरवी दहाला बंद होणारे दुकान अर्धे शटर ओढून मध्यरात्र उलटेपर्यंत उघडे ठेवलेत आणि भर पावसात मुलाला मुंबई नाक्यावर पाठवलेत. औषध हाती आल्यावरही आपण घाई केली नाही. ट्यूबलाइटखाली पट्टी धरून एक्सपायरी तपासलीत, बॅच नंबर बिलावर लिहिलात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिली पाण्यात विरघळवल्यास ३०० मिलिग्रॅमच्या डोससाठी ६ मिली घ्यायचे, हे सुई नसलेल्या सिरिंजवर पेनाने रेघ मारून दाखवलेत आणि उरलेले पाणी पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, असेही सांगितलेत. तिची आई आजही त्याच रेघेवर डोस मोजते.

सोमवारी सकाळचा डोस वेळेवर गेला आणि तेव्हापासून अन्वीला झटका आलेला नाही. या औषधाचा दृष्टीवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोळ्यांच्या तपासणीची आठवण आपण करून दिली होती. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे.

ड्रायव्हरला दिलेले पैसे आपण बिलात धरले नव्हते, हे घरी आल्यावर लक्षात आले. अंदाजाने ती रक्कम सोबतच्या पाकिटात ठेवली आहे. आपण ती नाकाराल याची कल्पना आहे, तरीही कृपया ठेवून घ्यावी. त्यातच पुढील महिन्याच्या चिठ्ठीची प्रतही आहे, म्हणजे या खेपेस आपल्याला मागणी वेळेत नोंदवता येईल.

आपले कृतज्ञ,
अन्वीचे आई-बाबा