विषय: कालच्या सेकंड राऊंडबद्दल थँक्यू सर, आणि दोन उत्तरांची दुरुस्ती

नमस्कार देसाई सर,

काल उद्यमबागच्या ऑफिसात पंपाच्या सेल्सच्या इंटरव्ह्यूला तुम्ही जवळजवळ सव्वा तास दिला त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. फर्स्ट राऊंड झालता तो नुसता बायोडाटा बघून झाला, काल मात्र खरंच धंद्यावर बोलणं झालं, बाहेर आलो तेव्हा मला स्वतःलाच कळत होतं कुठं चुकलो ते. खानापूरच्या बसमध्ये खिडकीला बसून तेच डोक्यात फिरत होतं म्हणून म्हटलं राहवत नाही तर लिहूनच टाकावं.

तुम्ही अथणीकडचे शेतकरी झालात आणि एकदम कन्नडात सुरू केलंत, "ऐदु एचपी कोडरी". कन्नड मला बाजारापुरतं चांगलं येतंय, तिथं काही अडलो नाही, खरं मी लगेच पाच एचपीचं मॉडेल, वॉरंटी, रेट सुरू केलं आणि तुम्ही हसलात. मग पेनाचं टोपण उभं धरून कोटेशनच्या मागच्या बाजूला बोअर काढून दाखवलात तेव्हा ट्यूब पेटली की मी पाणी किती फुटावर आहे हेच विचारलं नाही. आता बघा, 180 फुटावर पाणी आणि तिथनं शेत 40 फूट चढावर असेल तर 220 फूट झालं, म्हणजे 67 मीटरच्या आसपास, वर पाईपलाईनचं घर्षण वेगळं, आणि एप्रिल-मेमध्ये पातळी आणि खाली जाणार ते वेगळंच. शेजाऱ्याचा पाच एचपी आहे म्हणून मलाही पाच द्या, असं म्हणणाऱ्याला आधी बोअर किती, पाणी कुठं, पाईप किती इंची, शेत किती लांब, हे चार प्रश्न विचारायचे होते. आपल्याकडं कर्नाटकात 10 एचपीपर्यंत शेतीपंपाला बिल नाही म्हणून लोक मोठाच पंप मागतात, आणि सीमेपलीकडं चंदगड-गडहिंग्लजला 7.5 एचपीपर्यंत माफी, त्यामुळं तिथलं गिऱ्हाईक वेगळ्या हिशेबानं बोलणार, हे मला काल बोलायचं होतं आणि ऐनवेळी आठवलंच नाही.

दुसरं ते उधारीचं. तुम्ही विचारलंत, डीलरचे पैसे 60 दिवस थांबलेत, महिनाअखेर आहे, टार्गेटला दोन लाख कमी आहेत आणि तोच नवीन माल मागतोय, देणार का? मी म्हटलं अर्धा माल देतो. सर खरं सांगायचं तर ते मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो. मी आधी त्याच्या गोडाऊनला जाऊन बघणार. पेट्या तशाच पडून असतील तर नवीन माल देणं म्हणजे नुसतं बिल फाडणं, पुढच्या महिन्यात तोच माल रिटर्न येतो आणि वर डीलर तोंड चुकवतो. माल खपलेला असेल तर पैसे शेतकऱ्याकडं आहेत, आणि आपल्या ऊसपट्ट्यात शेतकरी कारखान्याचं बिल आल्यावरच देतो, मग डीलरची वही बघून कुणाचं कधी येणार ते बसून ठरवायचं, जुन्यातलं निम्मं तरी जमा झाल्यावर तेवढ्याचाच माल सोडायचा. टार्गेट त्या महिन्यात चुकलं तर तुमच्यासमोर येऊन चुकलं म्हणून सांगणार.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. आत्ता टाईल्सच्या डिस्ट्रिब्युटरकडं तीन वर्षं आहे, पहिल्या वर्षी मार्च एंडला एका दुकानात असाच माल ओतला आणि पुढं चार महिने वसुलीला दर शनिवारी त्याच्या पायरीवर बसायला लागलं, चहा तेवढा मिळायचा. हे मी काल सांगितलं नाही कारण लाज वाटली.

बाकी पट्टा बघून मला हे काम करायचंच आहे. खानापूरपासून चिकोडी-अथणीपर्यंत रोज बाईकनं फिरायची तयारी आहे, मुक्काम पडला तरी घरी काही अडचण नाही, आई म्हणते तसाही तू घरात नसतोसच. नोटीस 30 दिवसांची आहे, मालकांना आधीच थोडी कल्पना देऊन ठेवलीय म्हणजे ऐनवेळी भांडण नको.

हुबळीला मोठ्या साहेबांची भेट ठरली तर एक दिवस आधी कळवलंत तरी चालेल, मी पहाटेची गाडी पकडून येतो. सोमवारी दिवसभर जांबोटीकडं डिलिव्हरीवर असणार, तिकडं रेंज जाते-येते, तेव्हा फोन लागला नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, संध्याकाळी बघून लगेच फोन करतो.

आणि तो बोअरचा कागद मी चुकून फाईलमध्ये घालून घेऊन आलोय सर, मागं तुमचं कोटेशन आहे, पाहिजे असेल तर आणून देतो.

आपला,
महेश
खानापूर