शिडीवरून पडून झालेल्या अपघाताचा प्राथमिक अहवाल

प्रति : कारखाना व्यवस्थापक, हिंगणा एमआयडीसी, नागपूर

मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास गोदाम क्रमांक 2 मध्ये पन्हाळीची गळती काढत असताना कंत्राटदाराकडील 34 वर्षीय फिटर अॅल्युमिनियमच्या शिडीवरून सुमारे साडेचार मीटर उंचीवरून खाली पडला. त्याचे उजवे मनगट मोडले असून टाचेच्या हाडाला तडा गेला आहे. डोक्यावरील हेल्मेटचा पट्टा बांधलेला असल्याने डोक्यास इजा झाली नाही.

कामगाराने फुल बॉडी हार्नेस घातलेला होता व त्याचे सर्व पट्टे नीट आवळलेले होते, परंतु लॅनियार्डचे दोन्ही हूक अपघातानंतरही त्याच्याच कमरेच्या कडीत अडकवलेले आढळले. शॉक अॅब्सॉर्बरची शिवण जशीच्या तशी आहे, म्हणजे हार्नेसवर झटका आलाच नाही. हूक का अडकवला नाही, या प्रश्नावर त्याने दिलेले उत्तर, "साहेब, अडकवू कुठं?", हे मला निष्काळजीपणाच्या शेऱ्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्या भिंतीवर हाताच्या टप्प्यात एकही अँकर पॉइंट नाही आणि लाइफलाइन बांधलेली नव्हती.

शिडी वरच्या टोकाला बांधलेली नव्हती व खाली धरणारा मदतनीस पाना आणण्यास गेला होता. या कामाच्या परवान्यावर मात्र 'अँकरची खात्री केली' या रकान्यात बरोबरची खूण आहे; ती जागेवर न जाता केल्याचे पर्यवेक्षकाने मान्य केले आहे.

लाइफलाइन बसेपर्यंत गोदामातील उंचीवरील कामे थांबविली आहेत.

सुरक्षा अधिकारी