आप्पांसाठी चार शब्द

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना नमस्कार.

आज आप्पांची गंधमुक्ती. घरच्यांच्या वतीने मी बोलावं असं फुईने सांगितलं. रात्री लिहायला बसले, तर कागदावर कष्टाळू, शिस्तप्रिय, परोपकारी असे शब्द उतरले. आजीने ते ऐकले आणि म्हणाली, "हे तर कोणाच्याही दहाव्याला म्हणतात. तुझे आप्पा काय करायचे ते सांग." म्हणून आप्पा काय करायचे तेवढंच सांगते.

आप्पा पाटकरी होते. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. पांझरेवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याचं पाणी पाटात येतं, पाटातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून फडात. एका फडात एकच पीक. गावातल्या बहुतेक घरांची पट्टी प्रत्येक फडात असते. त्यामुळे पाणी कमी पडलं की पंच एखादा फड बंद ठेवतात आणि तोटा सगळ्यांना सारखा होतो. कोणाच्या पट्टीला कधी पाणी सोडायचं, हे पाटकऱ्याच्या हातात. जागल्या पीक राखतो, पाटकरी पाणी. आप्पांनी तिशीच्या आतच हे काम घेतलं आणि गुडघे साथ देत होते तोवर सोडलं नाही.

आपली स्वतःची पट्टी चारीच्या अगदी शेवटी. आजी कितीदा म्हणायची, "तुमच्याच हातात फावडं, आणि आपलाच गहू पिवळा." आप्पा जेवत राहायचे. एकदाच म्हणाले, "पानी कोनंच नही, बारीनं शे." आजीला ते पटलं होतं असं मुळीच नाही. हे ती आजही सांगते, आणि तिचं बरोबर आहे. आप्पांच्या न्यायाची किंमत आधी तिच्या कोठीने मोजली.

1972 च्या दुष्काळाची गोष्ट आजीकडूनच ऐकली. तेव्हा माझे वडील तिच्या पोटात होते. ती खडी फोडायच्या कामावर जायची, तिथे सुकडी मिळायची. नदीत पाण्याचा बारीक पाझर उरला होता. पंचांनी एकच फड चालू ठेवला. त्या एका फडाच्या पाण्याला आप्पा रात्रभर चारीवर बसायचे. एका पहाटे आजी भाकरी घेऊन गेली, तर हे चिखलात उभे. चारीच्या कडेला उंदराने बीळ केलं होतं, पाणी तिथून गळत होतं. हाताशी माती नव्हती, म्हणून डोक्याचा फेटा काढून बिळात कोंबला होता आणि वरून पायाने दाबून धरला होता. आजी म्हणाली, "घरी चला." हे म्हणाले, "माती आण." तिने पदरात माती भरून आणली. भाकरी मग खाल्ली. ही गोष्ट सांगताना आजी दर वेळी फेट्यावरच हळहळते. लग्नातला होता तो.

आता जे सांगणार आहे, ते नानांच्या घरच्यांना विचारून सांगते. नाना म्हणजे आप्पांचे सख्खे थोरले भाऊ. एका रात्री नानांनी बारी नसताना चारीला बांध घालून पाणी आपल्या पट्टीत वळवलं. आप्पांनी कंदिलाच्या उजेडात पाहिलं, बांध फोडला आणि सकाळी पंचांसमोर स्वतःच नाव सांगितलं. दंड झाला. नानांनी तो भरला आणि बोलणं बंद केलं. चार वर्षं दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीपलीकडून हाकसुद्धा आली नाही.

पण त्या चार वर्षांत नानांच्या पट्टीला पाणी कधी उशिरा गेलं नाही की कमी गेलं नाही. हे मला काल नानांच्या मोठ्या मुलाने, म्हणजे काकांनी सांगितलं. पुढे काकांच्या बहिणीचं लग्न ठरलं. मांडवाच्या दिवशी पहाटेच आप्पा न बोलावता गेले, चुलीपाशी बसले आणि लाकडं फोडायला लागले. नानांनी थोडा वेळ पाहिलं आणि घरात वळून म्हणाले, "भाऊले चहा दे." माफी कोणी मागितली नाही. दोघांच्याही स्वभावात ते नव्हतं.

अजून एक गोष्ट मला याच आठवड्यात कळली. पाटकऱ्याला कामाचं धान्य मिळायचं, खळ्यावरून मापून. गावातल्या एका घरचा कर्ता माणूस अकाली गेला, बाई आणि दोन लहान मुलं मागे राहिली. आप्पा त्यांच्या खळ्यावर गेले आणि चारचौघांसमोर पुरतं माप घेतलं. लोक म्हणाले, काय माणूस आहे, विधवेलाही सोडत नाही. रात्री आजी तेच धान्य घेऊन मागच्या दाराने त्यांच्या घरी गेली. खळ्यावर सोडलं असतं, तर त्या बाईंना सगळ्या गावादेखत उपकार घ्यावा लागला असता. हे बरीच वर्षं चाललं. लोक बोलले ते आप्पांनी ऐकून घेतलं. त्या बाईंचा मुलगा परवा आमच्या ओट्यावर बसून हे सांगत होता आणि आम्ही नातवंडं एकमेकांकडे बघत होतो. आम्हाला कोणालाच हे ठाऊक नव्हतं.

माझ्याबद्दल एकच सांगते. बारावीनंतर मला नाशिकला नर्सिंग शिकायला जायचं होतं. त्याच वर्षी धाकट्या भावाला धुळ्याला वसतिगृहात ठेवायचं होतं. पैसे एकाचेच होते. घरात बैठक बसली, पाहुणेही आले. मुलीला स्थळ बघा, असंच सगळ्यांचं मत. आप्पा कोपऱ्यात बशीतून चहा पीत होते. चहा संपला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आते तिनी बारी शे." त्यावर कोणी बोललं नाही. भाऊ वर्षभर गावातून एसटीने येऊन-जाऊन शिकला, आणि त्यानेही कधी बोलून दाखवलं नाही. तो इथेच उभा आहे. भाऊ, हे तुझंही देणं आहे माझ्यावर.

आप्पांनी माझं कौतुक कधी केलं नाही. पहिल्या पगारातून चप्पल आणली, तर म्हणाले, "चिखलात टिकेल का?" ती त्यांनी तळ झिजेपर्यंत घातली.

विहिरी वाढल्या, मोटारी आल्या, फडाचं पाणी बघणारे कमी झाले. आप्पांना याचं वाईट वाटायचं. राग मात्र त्यांनी कोणावर धरला नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने पाटाकडे का बघावं, हे त्यांना कळत होतं. तरी सकाळी काठी टेकत पाटाच्या कडेने चालून यायचे आणि कुठे गवत वाढलंय, कुठे कड खचलीये, हे वडिलांना सांगायचे. शेवटच्या महिन्यात खाटेवरूनही तेच विचारायचे. वडील रोज खरं तेच सांगायचे, कारण खोटं सांगितलेलं त्यांना कळलं असतं.

त्यातलं एक काम राहिलं आहे. सांडव्याच्या खालची चारी पावसात फुटली आहे आणि रब्बीचं पाणी सुटायच्या आत ती बांधायला हवी. आप्पांच्या नावाने फलक, कमान असं काही करायचं नाही, असं घरात ठरलं आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सगळे चारीवर जातोय. ज्यांना जमेल त्यांनी या, फावडं आणि टोपली आपापली आणा. दुपारचं जेवण आमच्याकडे आहे, आजीने कळण्याच्या भाकरी करायचं सांगितलं आहे.