पिंट्याची सातवीची उजळणी शीट: आकडे बदलून नवी गणितं, खाली उत्तरं

वैनी, फोटो मिळाला. चौथ्या गणितात व्याजाचा दर नेमका अंगठ्याखाली गेलाय पण प्रकार कळतोय, त्यामुळं अडलं नाही. जुनी शीट त्याला पाठच झालीय असं तुम्ही म्हणालात, म्हणून प्रत्येक प्रकाराची दोन-दोन नवी गणितं केलीत. आकडे बदललेत, पायऱ्या तेवढ्याच ठेवल्यात. उत्तरं वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि फोन त्याच्या हातात देऊ नका, तो आधी खालीच बघणार.

गणितं

१) मसावि आणि लसावि काढ.
अ) ५४, ७२
ब) ४५, ७५

२) वजाबाकी कर.
अ) ६ पूर्णांक १/५ − ३ पूर्णांक ३/४
ब) ७ पूर्णांक २/७ − ४ पूर्णांक १/२

३) अ) एका व्यापाऱ्यानं सांगलीच्या मार्केट यार्डातनं ५ क्विंटल हळद १२,००० रुपये क्विंटलनं घेतली. हमाली आणि गाडीभाडं मिळून २,५०० रुपये गेले. सगळी हळद १५० रुपये किलोनं विकली. शेकडा नफा की तोटा, किती?
ब) तासगावच्या एका बाईंनी ६० किलो बेदाणा २०० रुपये किलोनं घेतला. जत्रेतल्या स्टॉलचं भाडं आणि पॅकिंग ३,००० रुपये. विकला २३० रुपये किलोनं. शेकडा नफा की तोटा, किती?

४) अ) २४,००० रुपये द.सा.द.शे. ९ दरानं ३ वर्षं ठेवले. सरळव्याज किती आणि रास किती?
ब) १८,००० रुपयांवर द.सा.द.शे. ७ दरानं ५,०४० रुपये सरळव्याज मिळालं. किती वर्षं ठेवले होते?

५) अ) द्राक्षबागेची खरड छाटणी १४ मजूर ९ दिवसात करतात. १८ मजूर लावले तर किती दिवस लागतील?
ब) हळद काढायला १६ बायकांना १५ दिवस लागतात. २० बायका आल्या तर?

उत्तरं (फक्त तुमच्यासाठी)

१) अ) ५४ = २×३×३×३, ७२ = २×२×२×३×३. मसावि १८, लसावि २१६. ब) मसावि १५, लसावि २२५. मूळ शीटमध्ये ३६ आणि ४८ आहेत, त्याच तोडीचं हवं म्हणून ४०-६० घेतले नाहीत, शून्य बघून पोरं तोंडीच सांगतात. ताळा सोपा आहे, मसावि गुणिले लसावि आणि दोन्ही संख्यांचा गुणाकार सारखा आला पाहिजे, १८×२१६ = ५४×७२ = ३,८८८.

२) अ) छेद २० करायचा. ४/२० मधनं १५/२० जात नाहीत, म्हणून ६ मधला एक फोडायचा, ५ पूर्णांक २४/२० − ३ पूर्णांक १५/२० = २ पूर्णांक ९/२०. ब) २ पूर्णांक ११/१४. दोन्हीत एक फोडावाच लागतो, मूळ गणितातही तसंच होतं. ३ पूर्णांक ११/२० असं लिहिलं तर समजा की त्यानं मोठ्यातनं लहान वजा करून सुटका करून घेतलीय.

३) अ) ६०,००० + २,५०० = ६२,५०० खरेदी, विक्री ५०० × १५० = ७५,०००, नफा १२,५००, शेकडा २० नफा. भाडं विसरला तर बरोब्बर २५ टक्के येतात आणि गोल आकडा आला म्हणून त्याला शंकाही येत नाही, शाळेच्या गणितातला डावही हाच आहे. ब) १२,००० + ३,००० = १५,०००, विक्री १३,८००, तोटा १,२००, शेकडा ८ तोटा. इथं खर्च विसरला तर तोट्याच्या जागी १५ टक्के नफा दिसतो! हे एक मूळपेक्षा जरा तिखट झालंय पण पायऱ्या त्याच आहेत, राहू दे. आणि टक्के काढताना खाली खरेदीच घ्यायची, विक्री नाही, हे दोन्हीत बघा.

४) अ) २४,००० × ९ × ३ ÷ १०० = ६,४८० व्याज, रास ३०,४८०. रास लिहायची राहिली तर अर्धेच मार्क द्या. ब) वर्षाचं व्याज १,२६०, म्हणून ५,०४० ÷ १,२६० = ४ वर्षं.

५) अ) १४ × ९ = १२६, १२६ ÷ १८ = ७ दिवस. ब) २४० ÷ २० = १२ दिवस. माणसं वाढली की दिवस कमी झाले पाहिजेत, उत्तर ९ किंवा १५ च्या वर आलं तर त्यानं सम चलन लावलंय. तसं झालं तर पाचवं तेवढं रविवारी माझ्याकडं घेऊन या, बाकीचं तुम्ही घरी तपासू शकता.