सोयाबीन निघालं, रब्बीची तयारी सुरू? निफाड तालुक्यात ट्रॅक्टर-अवजारं तासावर मिळतील

५० एचपी ट्रॅक्टर, डिझेल आणि ड्रायव्हरसह दर:
🚜 पलटी नांगर (दोन फाळी): १४०० रु. तास
🚜 रोटावेटर ६ फुटी: १२०० रु. तास
🚜 पेरणी यंत्र: १००० रु. तास
🍇 द्राक्षबागेसाठी मिनी ट्रॅक्टर + ब्लोअर: ८०० रु. तास (औषध-पाणी तुमचं)

अवजार मातीला लागलं की तास सुरू, मीटर तुमच्यासमोर बघायचं. कमीत कमी एक तास. १० किमीपर्यंत येण्या-जाण्याचे पैसे नाहीत. एकरी अंदाज: नांगरटीला दोन तास, रोटावेटरला सव्वा तास.

तीन ड्रायव्हर आहेत, सकाळी ६ ते संध्याकाळी ७. रात्रीपाळी फक्त नांगरटीला, तासाला १०० रु. जास्त. नुसता ट्रॅक्टर देत नाही.

बुकिंग दोन दिवस आधी, गहू-हरभऱ्याच्या पेरणीत पाच दिवस आधी. मेसेजमध्ये गाव, गट नंबर, क्षेत्र आणि काम लिहा. ५०० रु. आगाऊ, ते बिलात वळते होतात. पाऊस झाला तर तारीख पुढे, आगाऊ रक्कम तशीच राहील.

वापसा नसताना कृपया बोलावू नका. ओल्या काळ्या रानात रोटावेटर मारला की पात्यांना चिखल धरतो, खालचा थर दाबला जातो आणि वर ढेकळं राहतात. पैसे जातात, रानही बिघडतं.

आणि ठिबकच्या नळ्या आदल्या दिवशीच गोळा करून ठेवा! एक नळी शाफ्टला गुंडाळली की ती कापून काढण्यात अर्धा तास जातो, ऑइल सीलही फाटतं.