नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या भूजल अभ्यासक्रमासाठी हेतुपत्र: दुसरा खर्डा

माझ्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेगाडीने होत होती. ती गाडी पाहून मी पाण्यासाठी काम करायचं ठरवलं, असं त्यात लिहिलं होतं. ते मी काढून टाकलं. तेव्हा मी नववीत होते, लातुरात मावशीकडे राहत होते. गाडी टीव्हीवर पाहिली. आता तरी रोज अंघोळ करता येईल का, एवढाच विचार मनात आला होता.

सिव्हिललाही आवडीने आले नाही. कॉम्प्युटरला नंबर लागला नाही. तिसऱ्या सेमिस्टरला गणित राहिलं, ते पुढच्या वर्षी सुटलं.

भूजलाकडे वळले ती नोकरीतल्या एका अहवालामुळे. औसा तालुक्यातल्या एका गावात पावसाचं पाणी किती मुरतं, याचा हिशोब होता. तक्त्यातला बेसॉल्टचा टक्का मी सगळ्या शिवाराला लावला आणि नकाशा रंगवला. गावात दाखवायला गेलो, तर एका शेतकऱ्याने दोन बोअर दाखवले. मधे जेमतेम पन्नास फूट. एकाला १८० फुटांवर दोन इंची पाणी, दुसऱ्याला ४०० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. माझ्या नकाशात दोन्हींचा रंग एकच. आमच्या वडिलांनी चार बोअर घेतले, त्यातले तीन कोरडे. एक पाणाड्याने हातावर नारळ ठेवून दाखवलेला. आम्ही त्या पाणाड्याला अजून हसतो, पण माझा नकाशा त्याच्याहून सरस होता असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

ऑफिसात भूजलाचं मॉडेल करणारं मॉडफ्लो हे सॉफ्टवेअर मी चालवते. त्यात भरायचे आकडे मात्र वरून मिळतात. बेसॉल्टमधलं पाणी झिजलेल्या थरात आणि सांध्या-भेगांत असतं. तिथे जमीन सगळीकडे सारखी सच्छिद्र धरली, तर उत्तर कितपत चुकतं आणि किती पंपिंग टेस्ट घेतल्या की ती चूक सहन करण्याजोगी होते, हे मला शिकायचं आहे. डेल्फ्टखाली वाळू, चिकणमाती आणि पीट आहे, काळा पाषाण नाही. म्हणून तिथून मराठवाड्यासाठी तयार उत्तर आणीन असं म्हणत नाही. मॉडेल कुठे फसतं ते ओळखायची पद्धत हवी आहे.

‘शिक्षण संपताच गावी परतून सेवा करीन’ हे वाक्यही काढलं. शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज घेणार आहोत. दोन-तीन वर्षं तिकडे नोकरी करून ते फेडायचा विचार आहे. चांगला पगार हवा, हेही एक कारण आहेच. पुढे भूजल सर्वेक्षणाचं काम महाराष्ट्रात मिळालं तर आवडेल. मिळेलच असं नाही.

सोबत आमच्या विहिरीच्या पाणीपातळीच्या ११ महिन्यांच्या नोंदी जोडल्या आहेत. दोरीला वजन बांधून आई दर रविवारी मोजते. जुलैच्या दोन नोंदी नाहीत. पावसाने वाट बंद होती.