महिना झाला, थँक्यू म्हणायचं राहिलंच होतं

नमस्कार मंडळी,

चंपाषष्ठीला आपलं खान्देशी जेवणाचं हॉटेल चालू केलं आणि बघता बघता महिना झालासुद्धा. रोज रात्री काउंटर बंद करताना वाटायचं की आज बसून पोस्ट लिहू, पण तोवर उद्याच्या कांद्याच्या पातीची ऑर्डर द्यायची असते, कुणीतरी किराणा संपल्याचं सांगत असतं, मग राहूनच जायचं. आज मंगळवार, सुट्टी आहे, तर लिहूनच टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं थँक्यू त्यांना जे पहिल्या आठवड्यात आले. तेव्हा दुपारी निम्मी टेबलं रिकामी असायची. डांगे चौकातून आत वळून, नवीन बोर्ड बघून, आत कुणी नाही हे काचेतून दिसत असताना दार ढकलून आत यायला जिगर लागते खरंच, मी स्वतः अशा हॉटेलात गेले नसते. तुम्ही आलात, जेवलात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातली माणसं घेऊन आलात. आमच्याकडे जाहिरातीला पैसे नव्हते आणि आत्ताही नाहीत. जे काय झालंय ते तुम्ही एकमेकांना सांगितलंत म्हणून झालंय.

थेरगाव, वाकड, काळेवाडी या पट्ट्यात आपली खान्देशची माणसं किती आहेत हे मला माहीत होतं पण असं समोर कधी दिसलं नव्हतं. कुणी चोपड्याचं, कुणी पाचोऱ्याचं, कुणी शिरपूरचं. पहिला घास घेतला की मान वर करून विचारतात, "कुठले तुम्ही?" आणि मग दोन टेबलांवरची माणसं एकमेकांचे पाव्हणे निघतात. एका काकांनी तर बिल देताना फक्त "मस्त शे भो" म्हटलं आणि गेले, आमचे हे दिवसभर तेच म्हणत फिरत होते. आणि जे खान्देशातले नाहीत त्यांचे तर जास्तच आभार. कळण्याची भाकरी काळपट दिसते म्हणून आधी जरा बिचकलात, विचारलंत, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं असतं हे ऐकून घेतलंत, आणि मग दुसरी मागितलीत.

तुमच्या सूचनांबद्दल पण बोलायलाच हवं. शेवभाजीच्या पार्सलमध्ये शेव वेगळी बांधून द्या हे एका ताईंनी सुचवलं, घरी पोचेपर्यंत रश्श्यात शेवेचा लगदा होतो म्हणून, आता तसंच देतो. हाफ प्लेट भरीत हे शेजारच्या हॉस्टेलच्या पोरांमुळे चालू झालं. आणि ज्या आजी गुरुवारी येतात त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ठेचा ताटात वाढू नका, वाटीत द्या, ज्याला झेपेल तो घेईल. एवढी साधी गोष्ट, पण आता लहान पोरं घेऊन येणाऱ्यांची केवढी सोय झालीये. असंच सांगत राहा, तोंडावर सांगा, मला राग येत नाही (ह्यांना थोडा येतो, पण तेवढ्यापुरताच).

आता आतल्या माणसांबद्दल, कारण तुम्हाला ती दिसत नाहीत आणि कौतुक मात्र काउंटरवर बसलेल्या माणसाचं होतं.

सुनंदाताई भाकऱ्या करतात. त्यांना काम करताना एकदा बघा, किचनच्या खिडकीतून दिसतं. कळण्याचं पीठ ज्वारीसारखं नसतं, उडदाने चिकट होतं, हाताला धरून बसतं. ताई पाण्याचा हात लावत लावत परातीत भाकरी थापतात, कडेला भेग पडू देत नाहीत, उचलून तव्यावर टाकतात, वरून पाणी फिरवतात आणि ती शेकेपर्यंत दुसरा गोळा मळायला घेतलेला असतो. बोलणं मात्र चालूच, कुणाच्या लग्नात काय झालं वगैरे. रविवारी दुपारी सलग तव्यासमोर उभ्या असतात आणि मी म्हटलं जरा बसा तर म्हणतात, टेबलावर माणूस भाकरीची वाट बघतोय नि मी कशी बसू. तुम्ही ज्यांनी ज्यांनी भाकरीसाठी थांबून घेतलं, त्यांना ताईंनी खास थँक्यू सांगितलंय. गरम भाकरीच द्यायची हा त्यांचा हट्ट आहे, आधी करून ठेवू देत नाहीत.

भरीत जगनभाऊंचं. वांगी जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतात, ती पहाटे उतरवून घ्यायला तेच जातात, या थंडीत, मफलर गुंडाळून. हिरवी, लांबट, पांढरट रेघांची ती भरताची वांगी, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. पुण्याच्या मंडईतल्या जांभळ्या वांग्याचं का करत नाही असं काहींनी विचारलं, त्याचंही भरीत छान होतं हो, पण ते हे नाही. मागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या काड्यांवर भाजणं, सालं काढणं, मग बडगीत मिरची-लसणासोबत ठेचणं, सगळं स्वतःच्या हाताने. मिक्सर आणून ठेवलाय, त्याच्याकडे बघत पण नाहीत.

गणेश आणि इम्रान टेबलं सांभाळतात. दोघांनी आधी हॉटेलात कधी काम केलेलं नव्हतं. आता कुणाला तर्री जास्त लागते, कोण कच्चा कांदा खात नाही हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ आहे. लताबाई भांडी धुतात, आणि त्या एक दिवस आल्या नाहीत की कळतं हॉटेल कोण चालवतं ते. आणि आमच्या जिजी म्हणजे सासूबाई, काळा मसाला त्यांचाच. त्यांना या पोस्टमध्ये नाव नको होतं, मी टाकलंय.

शेजाऱ्यांचं पण राहायला नको. रविवारी ऐन दुपारी गॅस संपला तेव्हा बाजूच्या चहावाल्या भाऊंनी न विचारता आपली टाकी उचलून दिली आणि स्वतः तासभर चहा बंद ठेवला. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी सकाळच्या धुराबद्दल एकदाही तक्रार केली नाही, भरताचा डबा मात्र हक्काने मागवतात, तो कायम चालू राहणार.

अजून खूप शिकायचंय, हिशोब तर मला अजून रात्री जुळत नाही. तुम्ही येत राहा.

आता कामाचं. भोगीला दुपारचं जेवण नेहमीसारखं, त्या दिवशी बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी असेल. संध्याकाळपासून हॉटेल बंद. सुनंदाताईंना, जगनभाऊंना, पोरांना सगळ्यांना संक्रांतीला घरी जायचंय आणि सुट्टीचा पगार कापणार नाही हे मी इथे लिहूनच देते म्हणजे ह्यांना पण वाचायला मिळेल. १६ तारखेला दुपारी परत चालू. भरीत थंडीची वांगी येतायत तोवरच, त्यामुळे ज्यांचं "येऊ येऊ" चाललंय त्यांनी जरा मनावर घ्या.

– वैशाली आणि सगळी मंडळी